पहिल्या कडक उन्हात अंगावर उठणारं खाजरं पुरळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की मला एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. हाताची बाहेरची बाजू, त्यावर रव्याच्या कणीएवढ्या पुटकुळ्या आणि खाली एक ओळ: "डॉक्टर, हे काय झालंय? रात्रभर खाजवतेय." मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं हे प्रश्न ऐकतो आहे, म्हणून लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं काय आहे? घामोळं तर नाही ना?

बहुतेक वेळा ही उन्हाची ॲलर्जी असते. वैद्यकीय नाव पॉलीमॉर्फस लाइट इरप्शन, आम्ही बोलताना पीएमएलई म्हणतो. 'पॉलीमॉर्फस' म्हणजे अनेक रूपांचं: कुणाला बारीक पुटकुळ्या येतात, कुणाला लालसर चट्टे, कुणाला क्वचित पाणी भरलेले फोड. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर मात्र बरेचदा टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसतात. लाली फारशी नसते. दाणे कधी त्वचेच्याच रंगाचे असतात, तर कधी आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट. त्यामुळे "लाल नाही, म्हणजे ॲलर्जी नाही" असा गैरसमज होतो.

घामोळं आणि हे यातला फरक जागेवरून कळतो. घामोळं कपड्याखाली, जिथे घाम साचतो तिथे येतं: पाठ, पोट, छातीखाली, कमरेला. उन्हाची ॲलर्जी जिथे कपडा संपतो तिथून सुरू होते. अर्ध्या बाहीच्या खाली, गळ्याच्या व्हीमध्ये, मानेच्या मागे. वेळही वेगळी असते. उन्हात गेल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुरळ उठतं, आणि पुन्हा ऊन लागलं नाही तर आठवडा-दीड आठवड्यात व्रण न ठेवता जातं.

२. मी जन्मापासून याच उन्हात वाढले. मग ॲलर्जी आत्ताच, आणि तीसुद्धा दरवर्षी याच दिवसांत का?

सूर्याचे अतिनील किरण त्वचेत शिरले की तिथल्या काही रेणूंमध्ये बदल होतो. प्रत्येकाच्या त्वचेत होतो. पण बहुतेकांच्या शरीरात त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते: ऊन लागलेल्या त्वचेतली प्रतिकारशक्ती थोडी शांत होते, आणि ते बदललेले रेणू 'परके' म्हणून ओळखले जात नाहीत. पीएमएलई असणाऱ्यांमध्ये हे शांत होणं कमी पडतं. शरीर आपल्याच त्वचेतल्या बदललेल्या रेणूंवर हल्ला करतं आणि पुटकुळ्या उठतात. हा हल्ला सावकाश होणारा असतो, म्हणूनच काही तास ते एक-दोन दिवसांचं अंतर पडतं.

आता 'याच दिवसांत' का. ऊन रोज थोडं थोडं लागत राहिलं की अशा त्वचेलाही हळूहळू सवय होते. नोव्हेंबर ते जानेवारी आपण स्वेटर, पूर्ण बाह्या, स्कार्फ यांत असतो आणि ती सवय मोडते. मग एक दिवस अर्ध्या बाह्यांत तीन तास बाहेर राहिलो की त्वचा गाफील सापडते. मे महिन्यात ऊन दुप्पट जाणवतं तरी अनेकांना तेव्हा त्रास कमी असतो, कारण तोवर सवय झालेली असते.

आणि हो, हे विशी-तिशीत पहिल्यांदा सुरू होणं अगदी नेहमीचं आहे. स्त्रियांमध्ये जास्त आढळतं. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला तरी असतं, असंही बऱ्याचदा निघतं.

३. चेहऱ्यावर तर सगळ्यात जास्त ऊन पडतं. पुरळ हातांवर आणि मानेवरच का?

याचं उत्तर प्रश्न २ मध्येच दडलेलं आहे. चेहरा आणि हाताचे पंजे बाराही महिने उघडे असतात, त्यांची सवय मोडत नाही. हिवाळाभर झाकलेले कोपराखालचे हात, मानेची मागची बाजू, गळा आणि पायांची वरची बाजू यांना मात्र ऊन नवं असतं. पुरळ बरोबर 'नव्या' जागा निवडतं. तपासताना मला ही खूण फार उपयोगी पडते. चेहरा स्वच्छ आणि हातांवर दाणे असतील, तर पीएमएलईकडे माझा कल लगेच झुकतो. फक्त चेहऱ्यावरच काही असेल, तर मी आधी दुसरी कारणं शोधतो.

एक अपवाद आहे. ज्या मुली वर्षभर चेहरा स्कार्फने पूर्ण बांधून गाडी चालवतात, त्यांच्या चेहऱ्याला ही सवय कधी झालेलीच नसते. सहलीला किंवा लग्नाला स्कार्फ न बांधता गेल्या, तर त्यांच्या गालांवरही पुरळ येऊ शकतं.

४. मला दर होळीनंतर येतं. घरचे म्हणतात रंगांमुळे. कसं ओळखू?

एका शिक्षिकेची हकिगत सांगतो, कारण तिच्यात सगळं आलं. वय चौतीस. तीन वर्षं लागोपाठ धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तिचे हात आणि मान पुरळाने भरत. पहिल्या वर्षी रंग बदलले, दुसऱ्या वर्षी घरी बीट आणि हळद वापरून रंग केले, तिसऱ्या वर्षी अंगाला खोबरेल तेल चोपडून खेळली. तरीही आलंच.

मी तिला डाव्या हातातलं घड्याळ काढायला सांगितलं. पट्ट्याखाली दोन बोटं रुंद स्वच्छ त्वचा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दाणेच दाणे. उजव्या हातात बांगड्या होत्या, तिथेही तसेच पुसट पट्टे. रंग पाण्याबरोबर पट्ट्याखाली शिरतो, उलट तिथे तो जास्त वेळ राहतो. ऊन शिरत नाही. शिवाय रंग केसांत, कानामागे, पापण्यांवर, हनुवटीखाली सगळीकडे होता आणि या साऱ्या जागा स्वच्छ होत्या. सकाळी दहा ते दुपारी एक ती बिनबाह्यांच्या कुर्त्यात गच्चीवर होती. संध्याकाळी हात चुरचुरायला लागले, सकाळी पुरळ दिसलं.

खरं कोडं सुटलं ते तिच्या एका वाक्याने: "जानेवारीत शाळेच्या क्रीडा दिनानंतरही थोडं आलं होतं, पण तेव्हा रंग नव्हता." त्यामुळे सलग दोन-तीन वेळांच्या तारखा, तुम्ही किती वाजता, किती वेळ, कोणत्या कपड्यांत बाहेर होता, एवढं वहीत लिहून ठेवा. डॉक्टरला रक्ततपासणीपेक्षा या वहीचा उपयोग जास्त होतो. तिने पुढच्या वर्षी काय केलं, ते प्रश्न १० मध्ये आहे.

५. आमच्या शेताच्या बांधावर गाजरगवत आहे. त्याची ॲलर्जी पण अशीच दिसते म्हणतात?

दिसते, आणि गावाकडच्या रुग्णात हा प्रश्न मी नेहमी विचारतो. गाजरगवताचे (कुणी काँग्रेस गवत, कुणी चटकचांदणी म्हणतात) बारीक कण हवेतून उडतात आणि जिथे सावली असते तिथेही जाऊन बसतात. त्यामुळे पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग आणि कोपराची आतली घडी हे सगळं पकडलं जातं. उन्हाच्या ॲलर्जीत नेमक्या याच जागा सुटतात.

गाजरगवताच्या त्रासात त्वचा जाड, कोरडी, सुरकुतलेली होत जाते आणि पावसाळ्यात गवत फोफावलं की त्रास वाढतो. पीएमएलई येतं आणि जातं, त्वचा मागे पूर्ववत होते. अडचण अशी की जुन्या गाजरगवताच्या ॲलर्जीत पुढे ऊनही सोसेनासं होऊ शकतं, मग दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. अशा वेळी पॅच टेस्ट करावी लागते: ॲलर्जीचे पदार्थ पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी पट्ट्या काढतात आणि त्यानंतरही पुन्हा पाहतात.

६. मला तर उन्हात गेल्या गेल्या दहा मिनिटांत गांधी उठतात, आणि घरात आलं की तासाभरात जातात.

मग हे वेगळं आहे. ज्याला आपण अंगावर पित्त उठणं म्हणतो, तोच प्रकार, फक्त उन्हाने सुरू होणारा. हा पीएमएलईपेक्षा बराच दुर्मीळ आहे. घड्याळ इथे सगळं सांगतं: मिनिटांत येऊन चोवीस तासांच्या आत जातं ते पित्त, तासांनी येऊन दिवसेंदिवस राहतं ते पीएमएलई. आमसुलाचं पाणी लावून तुम्हाला बरं वाटत असेल तर लावा, पण अंगाचा मोठा भाग उन्हात असताना गांधींबरोबर चक्कर, धाप किंवा ओठांना सूज आली तर ताबडतोब रुग्णालयात जा. यात खाजेच्या गोळ्यांचा उपयोग पीएमएलईपेक्षा जास्त होतो.

७. गुगलवर वाचलं की उन्हाचं पुरळ म्हणजे ल्युपस. खूप घाबरले आहे.

घाबरणं समजू शकतो, म्हणून नेमकं सांगतो. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्याचं पुरळ ऊन टाळलं तरी आठवडाभरात ओसरत नाही, कित्येक आठवडे राहतं. ते गालांवर आणि नाकाच्या दांडीवर पसरतं. त्याच्या जोडीला सांधे दुखणं, सकाळी बोटं आखडणं, तोंडात व्रण, केस गळणं, विनाकारण ताप किंवा खूप थकवा यांपैकी काहीतरी असतं. असं काही असेल, किंवा पुरळाने खड्डे-व्रण ठेवले असतील, तर डॉक्टर एएनए ही रक्ततपासणी आणि कधी त्वचेचा छोटा तुकडा तपासायला सांगतात. यातलं काहीच नसेल आणि पुरळ दरवर्षी दहा दिवसांत जात असेल, तर ल्युपसची शक्यता फार कमी आहे.

८. आत्ता आलंय आणि खाज सहन होत नाही. काय करू?

पहिलं काम म्हणजे ती जागा झाका आणि आठवडाभर उन्हात उघडी ठेवू नका. साध्या पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. वर कॅलामाइन चालेल. रात्री झोप लागत नसेल तर सेटिरिझिनसारखी गोळी खाज थोडी कमी करते, पुरळ मात्र घालवत नाही. खरा आराम स्टिरॉइडच्या मलमाने पडतो: डॉक्टरने लिहून दिलेलं, हातांवर चार-पाच दिवस, पातळ थर.

इथे मला कळकळीने सांगायचं आहे. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा एक तीव्र स्टिरॉइड, एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखी वाटते, म्हणून ती ट्यूब घरात मुरते आणि पुढे चेहऱ्याला, जांघेला, मुलांनाही लागते. त्वचा पातळ होते, चेहरा लालबुंद राहतो, नायटा चिघळतो. हा त्रास घेऊन येणारे रुग्ण मूळ पुरळापेक्षा कितीतरी पटीने हाल सोसतात.

लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर तिथे भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. खोबरेल तेलाने अपाय नाही, पण त्याने ऊनही अडत नाही.

९. मी एसपीएफ ५० लावते. तरी येतंच. मग सनस्क्रीनचा उपयोग काय?

दोन कारणं असतात आणि दोन्ही सुधारता येतात.

पहिलं कारण म्हणजे एसपीएफ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो. पीएमएलई मात्र बहुतेकांना यूव्हीए किरणांनी होतं. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत जवळपास ९५ टक्के हेच असतात. म्हणजे एसपीएफ मोठा आणि यूव्हीएपासून संरक्षण कमकुवत, असं सनस्क्रीन तुम्हाला भाजू देणार नाही, पण पुरळ येऊ देईल. ट्यूबवर 'पीए' आणि त्यापुढची अधिकची चिन्हं पाहा. तुमच्यासाठी पीए++++ हवं.

दुसरं कारण म्हणजे मापच कमी पडतं. आकडे ज्या जाडीच्या थरावर मोजलेले असतात, तेवढा थर आपण कधी देत नाही. तर्जनी आणि मधलं बोट पूर्ण लांबीभर भरेल इतकी क्रीम चेहरा आणि मानेला लागते. प्रत्येक हाताला, कोपराखालीच लावायची असेल तर, साधारण एक बोट भरून. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, बाहेरच असाल तर दोन तासांनी पुन्हा. मी रुग्णांना ट्यूब कधी आणली ते विचारतो. या मापाने लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब एक-दोन आठवड्यांत संपायला हवी. ती दिवाळीपासून चालू असेल, तर दोष क्रीमचा नाही.

खर्च परवडत नसेल तर मी सरळ सांगतो: क्रीम फक्त चेहरा, मान आणि गळ्याला ठेवा. हातांसाठी कापड घ्या. गर्द रंगाची, घट्ट विणीची सुती पूर्ण बाही पातळ पांढऱ्या मलमलीपेक्षा खूप जास्त ऊन अडवते, आणि मलमल भिजली की आणखी कमी अडवते. स्कूटरवाल्यांचा सनकोट चांगलाच, पण हँडलवर हात ठेवल्यावर बाही वर सरकते आणि हातमोज्याच्या वर चार बोटं त्वचा उघडी पडते. तिथे पट्ट्यासारखं उठलेलं पुरळ मी अनेकदा पाहिलंय. हातमोजे लांब घ्या.

गाडीच्या बाजूच्या काचेतून आणि घराच्या साध्या काचेतूनही यूव्हीए आत येतं, ढगातूनही येतं. पुढची विंडस्क्रीन मात्र ते बऱ्यापैकी अडवते. ड्रायव्हरचा उजवा हात जास्त भरलेला दिसतो, तो यामुळेच.

१०. त्वचेला उन्हाची सवय लावता येते म्हणतात. नेमकी कशी?

प्रश्न ४ मधल्या शिक्षिकेने असं केलं. होळी मार्चमध्ये होती, तिने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात केली. आठवड्यातून चार दिवस, सकाळी नऊच्या सुमारास, गॅलरीत. कोपरापर्यंत हात आणि मान उघडी, त्यावर सनस्क्रीन नाही. पहिले दोन दिवस पाच-पाच मिनिटं. मग दर दोन बैठकींनंतर दोन-तीन मिनिटं वाढ. घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवायच्या, नाहीतर त्याखालची त्वचा कच्चीच राहते. मध्ये एकदा पंधरा मिनिटांवर मनगटाला चुरचुर झाली. तिने तीन दिवस थांबून दहा मिनिटांपासून पुन्हा सुरू केलं. होळीपर्यंत ती पंचवीस मिनिटांवर आली होती.

धुळवडीला तिने पूर्ण बाह्यांचा गर्द निळा कुर्ता घातला, सनस्क्रीन लावलं आणि अकराला घरात आली. कोपराजवळ थोडे दाणे आले, दोन दिवसांत गेले. पूर्ण सुटका नव्हती, पण रात्री झोप लागत होती.

मर्यादा लक्षात घ्या. पाच-दहा मिनिटांतच ज्यांना पुरळ येतं, ज्यांना ल्युपस आहे, किंवा जे ऊन न सोसणारी औषधं घेतात (प्रश्न १२), त्यांनी हे स्वतःहून करू नये.

११. सगळं करूनही दरवर्षी भयंकर येतं. पुढचा उपाय काय?

हीच सवय दवाखान्यात मोजूनमापून लावता येते. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे यूव्हीबी किरण देणाऱ्या पेटीत उभं करतात. आठवड्यातून तीन वेळा, साधारण पाच आठवडे, सेकंदांपासून सुरू करून हळूहळू वाढवत. ही पेटी पांढऱ्या डागांसाठी आणि सोरायसिससाठी अनेक रुग्णालयांत असतेच. जानेवारीतच जा. एप्रिलमध्ये येऊन फायदा नाही, तोवर मोसम अर्धा झालेला असतो. नंतरही थोडं थोडं ऊन घेत राहावं लागतं, नाहीतर कमावलेली सवय महिना-दीड महिन्यात जाते.

अगदी हट्टी त्रासात मोसमापुरतं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन देतात, पण ते डोळ्यांची तपासणी आणि डॉक्टरची देखरेख ठेवूनच.

१२. बीपीची किंवा मुरुमांची गोळी सुरू केल्यावर हे झालं. संबंध असेल?

असू शकतो. बीपीच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि मुरुमांसाठीचं डॉक्सीसायक्लिन ऊन सोसण्याची ताकद कमी करतात. त्यात खाजेपेक्षा आग आणि भाजल्यासारखी लाली जास्त असते, आणि चेहराही सुटत नाही. गुडघ्याला चोळायच्या केटोप्रोफेन जेलने तर जेल लागलं तेवढ्याच जागी पुरळ येतं. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा.

सनस्क्रीनचीच ॲलर्जी असणारेही थोडे असतात. पुरळ नेमकं क्रीम लावलेल्या जागी आणि लावल्यावरच येत असेल, तर झिंक ऑक्साइडचं, सुगंध नसलेलं क्रीम वापरून पाहा.

१३. मार्चचं गेलं, पण ऑक्टोबरमध्ये पुन्हा का आलं?

पावसाळ्यात ढग, रेनकोट आणि घरात बसणं. जून ते सप्टेंबरमध्ये सवय बरीचशी उतरते, आणि ऑक्टोबरचं स्वच्छ आकाश म्हणजे दुसरा 'पहिला दिवस'. हा मोसम लहान असतो. गणपती उठले की प्रश्न १० मधली पद्धत दोन-तीन आठवडे करा.

१४. मुलगी जर्मनीत शिकते. तिथे ऊन सौम्य, तरी तिला इथल्यापेक्षा जास्त त्रास होतो.

हेच अपेक्षित आहे. तिथे हिवाळा लांब आणि काळोखा, त्वचा सहा महिने झाकलेली. मग एप्रिल-मेमध्ये पहिलं ऊन पडतं आणि सगळे गवतावर जाऊन बसतात. थंड, ऊन कमी असणाऱ्या देशांत पीएमएलई आपल्यापेक्षा जास्त आढळतं. तिने तयारी मार्चपासून करावी. तिथून थेट डिसेंबरमध्ये घरी येऊन दुसऱ्या दिवशी गोव्याला जायचा बेत असेल, तर पहिले चार-पाच दिवस समुद्रकिनारी पूर्ण बाह्या घालाव्यात.

१५. सात वर्षांच्या मुलाला उन्हात गेलं की होतं. त्यालाही हेच का?

फेब्रुवारीत केस बारीक कापलेल्या मुलांच्या कानांच्या वरच्या कडेवर पुटकुळ्या येतात, ते याचंच लहान भावंड. टोपी घाला, आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. पण मूल खाज न सांगता "आग होतेय, दुखतंय" म्हणून रडत असेल, उन्हात काही मिनिटांतच हात थंड पाण्यात बुडवायला धावत असेल आणि त्वचेवर फारसं काही दिसत नसेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. पोर्फायरिया नावाचा एक दुर्मीळ, जन्मजात आजार असा दिसतो. त्याची रक्ततपासणी वेगळी असते, आणि नमुना उजेड लागू न देता प्रयोगशाळेत न्यावा लागतो. हे रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा.